सात फटके

मोतीराम पगारे वीज मंडळातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांचा प्रत्येक रविवार गंगापूर धरणाच्या बाजूच्या छोट्या गोल्फ मैदानावर जाऊ लागला. मैदान नऊ होलचं, क्लबही लहान. नव्या सभासदांना खेळाचा हिशोब समजावून सांगायचं काम पगारे सरांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

तेजल खैरनार तिथे आली ती मानेच्या दुखण्यामुळे. गंगापूर रोडवर तिचं औषधांचं दुकान होतं आणि दिवसभर काउंटरवर वाकून मान धरायची. मोकळ्या हवेत चालायला मिळेल म्हणून मैत्रिणीने इथलं नाव सुचवलं. तिच्याच तुकडीत दिंडोरीचा योगेश होता, द्राक्षबागा सांभाळून हौसेने शिकायला येणारा.

पहिल्याच दिवशी सरांनी दोघांना हिरवळीवर उभं करून शिकवलं होतं. प्रत्येक होलला एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. चांगल्या खेळाडूने तो होल तेवढ्या फटक्यांत संपवावा अशी अपेक्षा. जवळचा होल असेल तर पार तीन, मध्यम असेल तर चार, लांब असेल तर पाच. त्यातले दोन फटके शेवटच्या गुळगुळीत हिरवळीवरचे, म्हणजे ग्रीनवरचे, धरलेले असतात. पार चारच्या होलला चार लागले तर पार. तीनच लागले तर बर्डी. पाच लागले तर बोगी, सहा लागले तर डबल बोगी. ज्याचे फटके कमी तो जिंकला.

"बाकी सगळ्या खेळांत जास्त मिळवायचं असतं," सर म्हणाले होते. "इथे कमीत कमी खर्च करायचा."

योगेशचा एक फटका हवेतच गेला, चेंडू हललाही नाही. त्याने तो मोजला नाही. सरांनी हसून मोजायला लावला. मारायच्या इराद्याने स्टिक फिरवली की फटका झाला, चेंडूला लागो न लागो. चेंडू पाण्यात गेला तर दंडाचा एक फटका आणखी. इथे पंच मागे फिरत नाही, म्हणून आपला आकडा आपणच खरा सांगायचा.

पावसाळा सरल्यावर क्लबने नऊ होलची छोटी स्पर्धा ठेवली. सर, तेजल आणि योगेश एका गटात आले. स्पर्धेत प्रत्येकाचे आकडे दुसरा लिहितो, त्याला मार्कर म्हणतात. सरांचं कार्ड तेजलकडे आलं. तिला त्याचा अभिमान वाटला. सकाळी अंजनेरीच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि पहिले चार होल ती मन लावून लिहीत होती.

पाचवा होल पार चारचा. सरांचा पहिला फटका बाभळींत गेला. दुसऱ्याने त्यांनी चेंडू बाहेर काढला. तिसरा तळ्यात. दंडाचा एक धरला की चार. नवा चेंडू ठेवून मारलेला पाचवा ग्रीनवर पोचला, आणि तिथे दोन. सात.

"पाच," सर चेंडू उचलत म्हणाले. "बोगी."

तेजलने योगेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिला वाटलं आपलंच काही चुकलं असेल, म्हणून तिने मनात पुन्हा मोजलं. सातच होते. तिने सात लिहिले, पण बोलली नाही. पुढच्या होलपर्यंत चालताना तिच्या मनात नको ते येत राहिलं. ज्यांनी आपल्याला हवेतला फटकासुद्धा मोजायला लावला, ते स्वतःचे दोन फटके लपवतात? योगेश मागून हळूच म्हणाला की मोठ्या माणसांचं असंच असतं, सोडून द्या.

सातवाही पार चारचा. सर सुरेख खेळले. दोन फटक्यांत ग्रीनवर, पुढच्या दोनांत चेंडू होलमध्ये. स्वच्छ पार.

"सहा," ते म्हणाले. "डबल बोगी. आज हात चालत नाही."

तेजलची पेन्सिल थांबली. लबाडी करणारा माणूस स्वतःवर फटके वाढवून घेत नाही. मघाचा संशय गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं.

खेळ संपल्यावर तिघे क्लबच्या ओसरीत बसले. प्रत्येक होलचे आकडे ताडून खेळाडू आणि मार्कर दोघांनी सही करायची असते. एखाद्या होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून कार्ड दिलं तर खेळाडू स्पर्धेतून बाद. हेही सरांनीच शिकवलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि पाचव्या होलवर बोट ठेवलं.

"इथे सात कसे?"

तेजलने एकेक फटका सांगितला. बाभळी, बाहेर काढणं, तळं, दंड. सर लक्ष देऊन ऐकत होते, जसं कुणा दुसऱ्याच्या खेळाबद्दल ऐकावं.

"पाण्यात गेला होता?" त्यांनी योगेशला विचारलं.

योगेशने होकारार्थी मान हलवली.

"आणि सातव्याला चार? माझा पार झाला?"

"हो सर. छान पार झाला."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी सही केली आणि म्हणाले, "सावित्रीला सांगू नका. ती घाबरेल."

तेजलने सांगितलं नाही, पण सांगायची वेळही आली नाही. त्यांना न्यायला आलेल्या सावित्रीबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिला बाजूला घेतलं. उन्हाळ्यापासून चाललंय, त्या म्हणाल्या. चहा घेतला का ते दोनदा विचारतात. दवाखान्याचं नाव काढलं की चिडतात.

त्या आठवड्यात मात्र सर स्वतःहून दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि गोळ्यांनी तो बरा होत नाही हेही सांगितलं. त्या गोळ्या तेजलच्याच दुकानातून जाऊ लागल्या. त्या पाकिटात घालताना ती सावित्रीबाईंना काही दिलासा द्यायला बघायची, पण त्या गोळ्या किती करतात हे तिला ठाऊक होतं.

सर रविवारी येतच राहिले. त्यांनी तिला बजावून ठेवलं होतं, "मी चुकलो की तिथल्या तिथे सांगायचं. मागाहून नको." पहिले काही रविवार तिने सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. नव्यांना शिकवताना ते अजून एका शब्दालाही अडखळत नव्हते. पार, बर्डी, बोगी, दंडाचा फटका, सगळं स्वच्छ आणि क्रमाने. एक नवी बाई म्हणाली की इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

थंडीतल्या एका रविवारी ते पार तीनच्या होलला पाच फटके खेळले आणि तीन म्हणाले.

"सर, पाच झाले," तेजल म्हणाली.

ते वळले. त्यांच्या डोळ्यांत तिने कधी न पाहिलेला राग होता. "मी आयुष्यात कधी खोटा आकडा सांगितलेला नाही. तुम्ही मला खोटं ठरवताय?"

ते खरंच होतं. त्यांनी कधीच खोटा आकडा सांगितला नव्हता. तेजलने खरा आकडा धरून ठेवला तर त्यांचा अपमान होत होता, आणि गप्प बसलं तर त्यांनीच शिकवलेलं मोडत होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "नाही सर. चला पुढे."

त्यानंतर तिने त्यांना टोकणं सोडलं. ते सांगतील त्याला ती मान हलवते आणि कार्डावर झाले तेवढे लिहिते. खेळ संपला की सर ओसरीत बसतात आणि आकडे न ताडता सही करतात. सावित्रीबाई गाडीपाशी उभ्या असतात. त्या दर रविवारी एकच प्रश्न विचारतात, आज कसे खेळले. तेजल सांगते, छान खेळले.