मधला आकडा

नीरजाच्या टायपिंगमध्ये चुका नव्हत्या, चौकोन होते. फोटोत जे वाचता येत नाही तिथे ती लाल चौकोन टाके, म्हणजे सरांनी तो भरावा. श्रीधर सरांना त्याचा भारी राग. क्लास सुटला की फळ्याचा फोटो काढायचा, नारायण पेठेत सुहासिनीताईंच्या डीटीपीला पाठवायचा, ताईंनी तो नीरजाकडे सरकवायचा, आणि पुस्तक आपोआप तयार व्हावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा.

"सर म्हणतात, रांगोळी नकोय, रसायनशास्त्र हवंय," ताईंनी सकाळीच फोनवर सुनावलं. "आता एक जरी चौकोन आला ना, तर पुढचं प्रकरण दुसरीकडे. मग मला म्हणू नकोस."

बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत, मांडीवर चिकूला घेऊन करता येईल असं दुसरं काम नीरजाकडे नव्हतं. चिकू झोपला की टायपिंग, उठला की आई.

आजच्या फोटोत इथेनॉलच्या दोन अभिक्रिया होत्या. पहिलीत बाणावर संहत H₂SO₄, खाली ४४३ K, आणि उजवीकडे एथीन व पाणी. ती टाइप झाली. नेहमीच्या रीतीने तिने तोच बाण कॉपी करून खाली चिकटवला आणि दोन्ही बाजू बदलल्या: 2C₂H₅OH → C₂H₅OC₂H₅ + H₂O. म्हणजे ईथर. बाणावर तेच आम्ल. तापमानाच्या मधोमध मात्र ट्यूबलाइटचा लखलखाट. पुढे ४ दिसे, मागे ३ दिसे. मधला आकडा प्रकाशात विलीन झालेला. कॉपीसोबत आलेला ४४३ तिथे अगदी मापाचा बसत होता.

तेवढ्यात चिकू उठला. दूध तापवताना तिने सवयीने गॅस बारीक केला. मंद आचेवर छान साय धरते, मोठ्या आचेवर तेच दूध शेगडीवर.

तिचा हात थांबला. तेच इथेनॉल, तेच आम्ल, आणि निघतंय वेगळं. मग आच तरी सारखी कशी असेल?

चिकूला कडेवर घेऊन तिने ४४३ खोडलं. चौकोन टाकला. पाठवून दिलं.

फोन थेट सरांचाच आला. "वा बाई! सणासुदीचे दिवस नाहीत, तरी रांगोळी?"

"अहो सर, मधला आकडा दिसत नाही. वरचं ४४३ तिथे चालेल का?"

"चालेल की! पोरं ईथर करायला बसतील आणि एथीन काढून घरी जातील." मग जरा नरमून, "फोटो बघतो." त्यांनी फोटो उघडला. "४१३ आहे ते. हा दिवा कोणी लावला होता?"

"वर्ग तुमचाच होता सर."

"हं. सुहासिनीबाईंना सांगतो, पुढचं प्रकरणही तुमच्याकडेच. चौकोन ठेवत जा. पानाला शोभा येते."

नीरजाने चिकूच्या टाळूवर ओठ टेकवले. त्याने बदल्यात तिच्या ओढणीवर दूध काढलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या प्रकरणाचा फोटो आला. सरांनी मनावर घेतलं होतं. सगळे दिवे बंद करून काढलेला. फळा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, तेही कळेना.

नीरजाने चिकूला मांडीवर घेतलं आणि पानात मावेल एवढा एकच चौकोन काढला.