कपाटाचं दार

सासूबाईंच्या डोक्याला कपाटाचं दार कधी लागलंच नव्हतं. घरात हे दोघींनाच ठाऊक होतं, त्यांना आणि त्यांच्या सुनेला.

वेणी घालताना सुनेला कपाळाच्या वर, केसांच्या मुळाशी एक जांभळा डाग दिसला होता, नाण्याएवढा. "काही लागलं का हो, आई?" "छे गं! मला कोण मारतंय?" म्हणून म्हातारी हसली होती. पंधरा दिवसांत डाग वाढला आणि नेमकी तेव्हाच नणंद माहेरी आली. नणंदबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भल्याभल्यांची गाळण उडते. तिने आईचं डोकं पाहिलं आणि थेट वहिनीकडे वळली.

"काय केलंस माझ्या आईला?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पेपरात डोकं खुपसून बसला. त्याचं हे नेहमीचंच, ना आईचा, ना बहिणीचा, ना बायकोचा. मग म्हातारीच बोलली, "अगं, कपाटाचं दार लागलं. तिला कशाला बोलतेस?"

सुनेचा जीव भांड्यात पडला. खोटं तर खोटं, पण भांडण मिटलं होतं. तिने सासूचा हात धरून मनातल्या मनात आभार मानले. चांगुलपणा कधीकधी असा अंगलट येतो, पण ते तेव्हा कुणाला कळणार?

नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्यावरही तेच पुढे चाललं. त्यांनी विचारलं, "मार लागला होता?" म्हातारी म्हणाली, "कपाटाचं दार." सून शेजारीच बसली होती. तिने मान हलवली. म्हातारी रक्त पातळ करणारी गोळी घेतच होती. डॉक्टर म्हणाले, या गोळीने मुका मार जास्त पसरतो, शेक द्या, हळूहळू जिरेल.

पण तो जिरला नाही. मुका मार हिरवा पडतो, पिवळा पडतो, मग जातो. चार पोरं वाढवलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही, आणि सुनेने तर दोन पोरांचे गुडघे निस्तरले होते. हा डाग तसाच जांभळा राहून कपाळावर उतरला, पापणी सुजली, मध्ये एक गाठ आली. एकदा विंचरताना कंगव्याला रक्त लागलं. सून हातात कंगवा घेऊन मोरीत कितीतरी वेळ उभी राहिली. आपल्याला वाचवायला रचलेलं दार आता सासूच्याच जिवावर उठलंय, हे तिला तिथे लख्ख कळलं.

तिने कुणाला न विचारता त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नणंदही आली. आईच्या बाबतीत ती कुणावर विसंबणारी नव्हतीच. डॉक्टरीणबाईंनी भिंग धरून डाग पाहिला, कडा बोटाने चाचपल्या. "मार कधी लागला?"

"कपाटाचं—" सासूबाईंनी सुरुवात केली.

"नाही," सून म्हणाली. "दार वगैरे काही लागलं नाही. काहीच लागलं नव्हतं. आपोआप आलंय आणि वाढतंय."

नणंद खुर्चीतून उठली. "म्हणजे तू इतके दिवस..."

"हो. तुम्ही मला मारकुटी म्हणाल म्हणून गप्प बसले."

डॉक्टरीणबाईंनी पुढचं भांडण होऊ दिलं नाही. जागा बधिर करून दोन ठिकाणचे छोटे तुकडे काढले आणि तपासायला पाठवले.

अहवाल आला तेव्हा तिघीही समोर होत्या. डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या. "हा मार नव्हेच. रक्तवाहिन्यांचा कॅन्सर आहे. दुर्मीळ आहे, बहुतेक वयस्कर माणसांच्या डोक्यावर, चेहऱ्यावर होतो. दिसतो त्याच्यापलीकडे आत पसरलेला असतो, म्हणून सगळा कापून काढणं कठीण. छातीचा स्कॅन करू, फुप्फुसात गेलाय का बघू. मग किरणोपचार आणि औषधं." अहवाल मिटून त्या म्हणाल्या, "लवकर आला असतात तर बरं झालं असतं. पण तेव्हाही हा आजार अवघडच असतो."

बाहेरच्या बाकावर नणंद ढसाढसा रडली. वहिनीचा हात धरून म्हणाली, "मी तुला नाही नाही ते बोलले गं. तू काही केलं नव्हतंस." हेच वाक्य ऐकायला सून गेले कित्येक दिवस तळमळत होती. आज ते मिळालं आणि तिला ते नको झालं. हे कानावर पडण्याऐवजी आपण खरंच मारलं असतं, तर डाग एव्हाना पिवळा पडून गेलाही असता, असं तिच्या मनात आलं, आणि तिला रडू आवरेना.

म्हातारी दोघींच्या मध्ये बसली होती. सुजलेल्या पापणीखालून तिने आधी लेकीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"रडू नका गं," ती म्हणाली. "शेजारी कुणी विचारलं, तर कपाटाचं दारच सांगा."