नफ्याच्या आयताचा तळ

चित्रकलेच्या मास्तरांचा जबडा मोडला तो पेपर तपासणी केंद्राच्या तिसऱ्या पायरीवर. आवाज फार मोठा नव्हता. वाळकी फांदी पायाखाली यावी तेवढाच. मास्तर खाली बसले, आणि हनुवटीला हात लावून समोरच्या माणसाकडे बघत राहिले, जणू त्याचंच काहीतरी पडलंय आणि ते त्याला उचलून द्यायचं आहे.

समोरचा माणूस वेल्डर होता. ठिणग्या खाऊन खाऊन त्याच्या हाताची कातडी चिंचेच्या सालीसारखी झाली होती. ठोसा मारून झाल्यावर त्याने खाली बसलेल्या म्हाताऱ्याला बरगडीत लाथ घातली.

"पोरांना उत्तर सांगायचं, तेही चुकीचं," तो म्हणाला. "बुडवलंस माझ्या पोरीला."

मागच्या गर्दीला तेवढंच हवं होतं. कुणी मास्तरांचा शर्ट धरला, कुणी चष्म्यावर पाय दिला. दोन शिपाई मधे पडले, तर एकाचं नाक फुटलं. रुग्णवाहिका आली तेव्हा पायरीवर रक्त होतं आणि मारणारा गर्दीत मिसळून गेला होता. कुणी काही पाहिलं नाही म्हणे.

ताईने पाहिलं होतं. ती अर्थशास्त्राची परीक्षक, दारातच उभी होती. सगळे तिला मॅडम म्हणत. ताई म्हणणारा जगात एकच होता, तिचा धाकटा भाऊ.

भांडण सगळं एका आकृतीवरून. बारावीच्या पेपरात मक्तेदाराचा नफा आकृती काढून दाखवा, असा प्रश्न होता. एका परीक्षा हॉलमधल्या सगळ्या मुलांनी नफ्याचा आयत एकाच ठिकाणी चुकवला होता. कॉपी झाली, असं ठरलं. मुलांचे निकाल अडकले, आणि त्या हॉलवर ज्यांची ड्यूटी होती त्या मास्तरांवर ठपका आला. आज जबाब द्यायला आले होते बिचारे. दुपारी मुलांची सुनावणी होती. गुन्हा सिद्ध झाला तर तीन वर्षं परीक्षेला बंदी.

वर खोलीत प्रमुख परीक्षकांनी गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. त्यांना सगळे साहेब म्हणत.

"मॅडम, तुम्ही आकृत्यांच्या जाणकार. दोन ओळी लिहून द्या, की अशी सारखी चूक आपोआप होत नाही."

ताईने पहिला पेपर उघडला. सरासरी प्राप्तीची रेषा उतरती, तिच्याखाली सीमान्त प्राप्तीची, अधिक घाईने उतरणारी. सरासरी खर्चाची वाटी. सीमान्त खर्चाची रेषा वाटीच्या तळातून वर गेलेली. इथवर सगळं नीट. सीमान्त खर्च आणि सीमान्त प्राप्ती जिथे भेटतात, तिथून उत्पादन खाली उतरवलेलं. किंमत वरच्या रेषेवरून घेतलेली. आणि मग शेवटच्या घासाला खडा. त्याच उत्पादनाच्या उभ्या रेषेवर सरासरी खर्च वाचायचा, तर मुलगा उजवीकडे वाटीच्या तळापर्यंत गेला होता आणि तिथला खर्च धरून आयत ओढला होता. तळाशी खर्च सगळ्यात कमी. त्यामुळे आयत खाली लोंबला होता, नफा फुगला होता. मक्तेदार त्या तळापर्यंत उत्पादन करतच नव्हता, पण नफा मात्र तिथला खात होता.

दुसरा पेपर. तोच आयत. तिसरा. तोच.

ताईचे ओठ आपोआप हलले. पुटपुटलं ते ओळखीचं होतं.

वाटीच्या तळाला टेकवा बोट,
नफ्याचं तिथूनच भरेल पोट.

ही ओळ तिच्या भावाची होती. लहानपणी ती त्याला पाढे गाण्यात बसवून शिकवायची. ती सवय त्याने मोठेपणी क्लासमध्ये नेली. प्रत्येक आकृतीला त्याचं गाणं असायचं. पोरं घोकायची, हसायची, विसरायची नाहीत. त्या हॉलवर नंबर आलेल्या शाळेची झाडून सगळी पोरं त्याच्याकडेच जायची. हे गाणं त्याने तिला एकदा जेवताना म्हणून दाखवलं होतं, आणि ती आमटी वाढता वाढता नुसती हसली होती. शब्द कानावर पडले, आकृती डोळ्यांपुढे आली नाही.

ती उठली. "साहेब, दुपारपर्यंत थांबा. मला एके ठिकाणी जाऊन यायचंय."

क्लास दोन गल्ल्या पलीकडे, वाण्याच्या दुकानावर. भाऊ फळा पुसत होता. तिने दार लोटलं आणि फळ्यावर त्याचीच आकृती काढली, आयतासकट.

"हे तू शिकवतोस?"

"मग? बरोबरच आहे."

"तळ कुठल्या उत्पादनावर आहे? आणि मक्तेदार कुठे थांबलाय?"

खडू धरलेलं तिचं बोट उभ्या रेषेवरून वर सरकलं, वाटीच्या कडेला टेकलं, तळाच्या बरंच आधी, बरंच वर. भावाचा चेहरा पांढराफटक पडताना तिला दिसला.

"दरवर्षी असंच काढतो मी," तो हळू म्हणाला. "तळाचा ठिपका ठळक असतो ना. दोन रेषा तिथे छेदतात. हात तिकडेच जातो."

"तुझ्या पोरांवर कॉपीचा आळ आहे. मास्तरांचा जबडा मोडला सकाळी. मी दुपारी सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"की शिकवलेलं आहे."

"ताई, ते लोक मला जिवंत ठेवतील का?"

"पोरांची तीन वर्षं जातील."

"पोरं तरुण आहेत. मी मेलो तर मेलोच." त्याने तिचा दंड धरला. इतका घट्ट, की बोटं हाडाला लागली. "तू सख्खी आहेस का कोण आहेस? पोरांची मावशी व्हायला निघालीस."

"सोड."

त्याने सोडलं नाही. भिंतीवर आपटलं तिला. लाकडी गुण्या खिळ्यावरून निसटून तिच्या खांद्यावर पडला. ती दाराकडे धावली, उजवा हात चौकटीवर होता, आणि त्याने सगळ्या अंगानिशी दार लोटलं. ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडला तो. दार उघडून तिच्या बोटांकडे बघत खाली बसला.

"ताई, बघू. ताई, मी मुद्दाम नाही."

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाली. "तीही चूक तू मुद्दाम केली नव्हतीस. म्हणून काय ती पोरांच्या माथी मारायची?"

जिना उतरताना तिने ओढणीचं टोक दातांनी फाडलं आणि बोटं बांधली.

सुनावणीला वर्ग गच्च भरला होता. पुढे मुलं, मागे पालक. मागच्या बाकावर वेल्डर बसला होता, मुठीची कातडी सोललेली, तोंडावर मात्र रांगेत उभ्या माणसाची शांतता. त्याची मुलगी पहिल्या बाकावर. तिने हुंदका इतका गिळला होता, की तिला उचकी लागली होती.

साहेबांनी विचारलं, "मॅडम, लिहून आणलंत?"

"लिहिता येणार नाही." तिने बांधलेला हात वर केला. "बोलते."

तिने डाव्या हाताने फळ्यावर तीन पेपर तीन रांगांत उतरवले. रेषा वाकड्या येत होत्या. "हा पहिला. सीमान्त प्राप्ती बरोबर. हा दुसरा, याने ती सरासरी प्राप्तीला समांतर काढली, चूक. ही तिसरी, हिने दोन्ही रेषा आडव्या अक्षावर एकाच जागी टेकवल्या, तीही चूक. कॉपी करणारा सगळीच आकृती उचलतो, साहेब. इथे वरचं घर ज्याचं त्याचं आहे. तळ मात्र सगळ्यांचा एक. तळ त्यांना कुणीतरी शिकवलाय."

"कुणी?"

ताईने वेल्डरच्या मुलीकडे पाहिलं. "बाळ, खर्च कुठून घ्यायचा ते सर कसं सांगायचे?"

मुलीने उचकी आवरली आणि म्हणाली, "वाटीच्या तळाला टेकवा बोट."

तिच्या मागच्या बाकांवरून तीन-चार आवाज न सांगता उठले, "नफ्याचं तिथूनच भरेल पोट." आणि मग सगळा पहिला बाक. कुणी हसलं नाही.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा क्लास कोणाचा?"

"माझ्या भावाचा," ताई म्हणाली.

कॉपीचा आळ त्याच खोलीत मागे घेतला गेला. पण साहेबांचं ते वाक्य संपायच्या आत मागचे बाक आडवे झाले होते. ताई दाराकडे धावली, पण वेल्डर तिच्या आधी जिन्यावर होता आणि त्याच्या हातात बाकाची लोखंडी पट्टी होती. मुलगी त्याच्यामागे धावत होती. "पप्पा, पप्पा" एवढंच.

भाऊ पळाला नव्हता. क्लासचं दार सताड उघडं होतं.

पहिला फटका गुडघ्यावर बसला. तो पडला. दुसरा तोंडावर, आणि दाताचा तुकडा फळ्यापर्यंत उडाला. वेल्डरने त्याला कॉलरला धरून उचललं, तोंड फळ्यावर दाबलं, पांढऱ्या धुळीत लाल फराटा ओढला गेला.

"दाखव. काय शिकवलंस ते दाखव. आणि बरोबर काय ते काढ."

भावाने खडू चाचपला. आधीची आकृती तशीच होती. त्याने तळाचा आयत तळहाताने पुसला. उत्पादनाच्या ठिकाणाहून उभी रेष वर नेली, वाटीच्या कडेवर थांबवली, तिथून डावीकडे आडवी ओढली. वर किंमत, खाली खर्च, मधे नफा. आधीपेक्षा बराच लहान आयत. काही थेंब त्याच्यात पडले.

वेल्डरला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्याने मुलीला विचारलं, "बरोबर आहे का?"

मुलीने पाहिलं. पुन्हा पाहिलं. "आता बरोबर आहे."

"मग हा शेवटचा," वेल्डरने पट्टी उगारली. "हा मास्तरांसाठी. बिचाऱ्या म्हाताऱ्याला फुकट मार बसला."

"मास्तरांना तुम्ही मारलंत," ताई दारातून म्हणाली. "मी पाहिलंय. पहिला ठोसा तुमचा, बरगडीतली लाथही तुमची."

पट्टी हवेतच राहिली. मुलीने बापाच्या मुठीकडे पाहिलं, सोललेल्या कातडीकडे, आणि एक पाऊल मागे झाली. मग आणखी एक. वेल्डरला तेवढंच लागलं. "मला वाटलं की..." तो म्हणाला.

"मलाही वाटलंच होतं," भाऊ रक्त थुंकत म्हणाला. "दरवर्षी वाटत होतं." तो भिंतीला धरून उभा राहिला, एका पायावर. "चला. मास्तर इस्पितळात आहेत. त्यांना पोलिसात काय सांगायचं ते सांगू देत. तुमचंही, माझंही."

वेल्डरने पट्टी खाली ठेवली. गर्दीतल्या कुणीतरी म्हटलं, आणखी दोन द्या की. वेल्डरने त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिना उतरून गेला. मग त्याने खांदा पुढे केला. दुसरा आधार नव्हता म्हणून भावाने त्या खांद्यावर हात टाकला. दोघं लंगडत खाली गेले. एकमेकांचं तोंड न बघता.

ताई बाकावर बसली. बोटं आता ठणकायला लागली होती. मुलगी अजून फळ्यापुढे उभी होती.

"मॅडम, माझे किती मार्क जातील?"

"आयताचे जातील."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे तुझेच आहेत."

मुलीने मान हलवली. मग तिने बापाने खाली ठेवलेली पट्टी दोन बोटांनी उचलली, दाराबाहेर नेली, आणि कुठे ठेवावी ते न कळून तशीच उभी राहिली.