रिकामी गल्ली

कैरोच्या स्टुडिओत मालिकेचं संकलन करताना नाहेदसमोर एक शॉट आला. राजेशाहीच्या काळातल्या गल्लीत नायिका उभी होती, आणि मागून प्लास्टिकची पिशवी हलवत नाहेदचे बाबा चालले होते. शूटिंगच्या दिवशी ते लेकीचं जेवण घेऊन आले होते. पुढे महिन्याभरातच ते वारले.

"हा कोण मधेच कडमडलाय? काढून टाक," दिग्दर्शक शरीफ म्हणाला.

"माझे बाबा आहेत, उस्ताद."

शरीफ ओशाळला. "अल्ला त्यांच्यावर दया करो. पण त्या काळात ही पिशवी कुठली, पोरी?"

कॅमेरा स्टँडवर स्थिर होता, म्हणून काम अवघड नव्हतं. बाबा येण्याआधीची रिकाम्या गल्लीची फ्रेम नाहेदने खाली अंथरली. वरच्या चित्रात त्यांच्याभोवती मास्कची रेघ आखून तेवढं भोक पाडलं, त्यांच्या चालीबरोबर ते सरकवत नेलं आणि कडा मऊ केल्या. बाबा नाहीसे झाले, पण भिंतीवर त्यांची सावली एकटीच चालत राहिली. नाहेदला हुंदका आवरेना. मग डोळे पुसून तिने मास्क सावलीपर्यंत वाढवला.

रमजानात तो भाग लागला. आई टीव्हीला चिकटून बसली होती.

"टीव्हीत दिसणार म्हणून किती मिरवत होते गं! कुठून येतात ते?"

नाहेदने नायिकेमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "इथून गेले, आई. काढावं लागलं मला."

 शॉट संपला तरी आई पडद्याच्या त्याच कोपऱ्याकडे बघत राहिली.