भरलेली बाटली

मी आहारतज्ज्ञ. माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येक आईला वाटतं, तिला सगळं ठाऊक आहे आणि मी फक्त होकार द्यायला पगार घेते. ही बँकेतली कॅशिअरबाई तर पुराव्यासकट आली होती. तिनं टेबलावर ब्रेडचा पुडा ठेवला.

"ब्राऊन आहे," ती म्हणाली. "आमच्या घरी पांढरा येतच नाही."

मी पुडा उलटा केला. घटकांच्या यादीत पहिलाच शब्द मैदा होता आणि शेवटी रंग. "बाई, हा ब्राऊन नाही. हा रंगवलाय. केस रंगवले म्हणून माणूस तरुण होतो का?"

तिचं तोंड एवढंसं झालं. तिच्या शेजारी आठ वर्षांची लेक बसली होती, घरी तिला चिमणी म्हणतात. चार चार दिवस पोट साफ होत नव्हतं. झालं की रक्त, रडारड. महिन्याभरात फरक पडला नाही तर दवाखान्यात एनिमा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो शब्द निघाला की पोर खुर्चीत आक्रसून जायची.

"फळं खाते की," आई म्हणाली. "सफरचंद सोलून देते. संत्र्याचा रस गाळून."

"म्हणजे कामाचं ते फायबर कचऱ्यात आणि गोड पाणी लेकीला. वा!"

"सकाळी साडेसहाला मी डबे भरते मॅडम. रात्री घरी येते तेव्हा उभं राहवत नाही. तुम्हाला बोलायला काय जातं!"

बोलली ते बरं झालं. नुसत्या माना डोलावणाऱ्या बायका घरी जाऊन काहीच करत नाहीत. मग आम्ही तिच्या स्वयंपाकघराला जमेल असं ठरवलं. ब्रेड अख्ख्या गव्हाचा, फळ सालासकट, राजमा-छोले रविवारीच उकडून फ्रीजरमध्ये, रोजच्या भाजीत एक मूठ वाटाणे. "पण हळूहळू," मी दोनदा बजावलं. "आठवड्याला एकच बदल. भरपूर पाणी. आणि डॉक्टरांचं औषध बंद करायचं नाही."

पुढच्या खेपेला ती तणतणतच आली.

"तुमच्या फायबरनं पोरीचं पोट नगाऱ्यासारखं झालंय! आता पाच दिवस झाले, काही नाही. नवरा म्हणतो, जनावराला घालतात तसा चारा घालतेस."

"त्या नवऱ्याला म्हणावं, एक दिवस डबे तू भर आणि मग बोल. सगळं एकदम सुरू केलंत ना?"

"महिना संपत आला होता हो! हळूहळू करत बसले असते तर त्या एनिमाला कोण जाणार होतं?"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. पण डॉक्टरांचं औषध चालू होतं, मग पाच दिवस? नुसत्या घाईनं एवढं होत नाही. फायबर पाणी धरून ठेवतं, म्हणून पोटातला माल मऊ राहतो. पाणीच नसेल तर त्याचाच बोळा होतो.

"पाणी पिते का ही?"

"रोज मोठी बाटली भरून देते!"

"मी देण्याचं विचारलं नाही. चिमणे, बाटली दाखव."

पोरीनं दप्तर पोटाशी घट्ट धरलं. मी हात पुढे केला तेव्हा नाइलाजानं बाटली निघाली. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"अगं, हे काय?" आई ओरडली. "मी रोज सकाळी हेच पाणी ओतून नवं भरते! मला वाटायचं, शाळेत पुन्हा भरून घेत असशील!"

"शाळेच्या संडासाला आतून कडी नाही," चिमणी खाली बघत म्हणाली. "मुलं दार ढकलतात. पाणी प्यायलं की जावं लागतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू पण तेच करतेस की."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मला तिची कीव आली आणि रागही आला. तिच्या खांद्यावरच्या बॅगेतून बाटलीचं झाकण डोकावत होतं. मी ती बाटली ओढून टेबलावर ठेवली. लेकीच्या बाटलीपेक्षा थेंबभरही कमी नाही.

"काउंटर सोडता येत नाही," ती पुटपुटली. "रांग असते. उठलं की साहेब सगळ्यांसमोर घड्याळ बघतो."

"डॉक्टरांना आजच फोन करायचा. ही पाच दिवसांची गोष्ट त्यांना कळलीच पाहिजे," मी म्हटलं. "राजमा-छोले सध्या बंद. बाकीचं पुन्हा एकेक करून. आणि कडी लागल्याशिवाय माझा सगळा आहार वाया गेलाय असं समजा."

"उद्या सुट्टी टाकते. मुख्याध्यापकांच्या समोर बसते. नाहीच लावली त्यांनी, तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी लावते!" आवाज चांगला चढला होता. मग तिनं लेकीच्या बाटलीचं झाकण काढून ती तिच्यापुढे धरली. "पी बघू."

चिमणीनं बाटली घेतली नाही. आईची बाटली तिनं आईकडे सरकवली.

"शाळेत तू सांगशील," ती म्हणाली. "तुझ्या साहेबाला कोण सांगणार?"