भाऊबिजेच्या व्हिडिओतला हार

माझ्या सासूबाई, अनसाबाई, तीन वर्षं भाऊबिजेला चंद्रालाच ओवाळत होत्या. सख्खा भाऊ जवळ यवतला असताना! आमच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत हौसरावमामांचं नाव छापायचं राहून गेलं, तेव्हापासून ते आमच्याकडे तळेगावला फिरकले नव्हते. फोनही उचलत नसत. नातेवाइकांच्या ग्रुपवर तेवढे होते.

यंदा भाऊबिजेच्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "समद्यांस्नी शुभेच्छा धाड. त्यातच हौसाला बोलावते. ऐकंल तरी."

व्हिडिओ कसा करायचा ते लेकीनं, सायलीनं, शिकवलं होतं. मी तीन फोटो निवडले. पहिला सासूबाईंचा, मग दोघा भावंडांचा लहानपणीचा, शेवटी अंगणातली रांगोळी. त्यावर सासूबाईंचा आवाज भरला. "समदी सुखी ऱ्हावा. हौसा, पाट मांडलाय बघ. रुसवा सोड आन् ये."

ॲपमध्ये नाना तऱ्हेच्या चौकटी होत्या. त्यांतली मोगऱ्याच्या हाराची, दोन समया तेवणारी मला फार मंगल वाटली. रोज देवांच्या तसबिरींना हार घातल्याशिवाय मी पाणी पीत नाही. हात तिकडेच गेला. तीच पहिल्या फोटोला लावली, व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि पोथीला बसले. फोन सारखा गुरगुरत होता, पण अध्याय अर्धा सोडून मी उठत नाही.

पोथी मिटली तोच सायली धावत आली. "आई, अगं आज्जीला हार घातलास?"

ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली होती. व्हिडिओ उघडून कुणी ऐकलाच नव्हता. नुसता वरचा फोटो बघून सगळ्यांनी हात जोडले होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सायलीनं घाईनं सगळ्यांसाठी डिलीट केलं, पण दारात मोटारसायकल थांबलीच.

मामा होते. डोळे लाल, टोपी हातात. ओसरीवर सासूबाई आमचं सगळं ऐकत चकलीचा तुकडा मोडत बसलेल्या.

मामा खांबाला धरून खाली बसले. "आक्के... तू..."

"बोलावल्यावर न्हाई आलास, मेल्यावर आलास व्हय रं?"

"कवा बोलावलंस?"

मी पुढं झाले. "मामा, चूक माझी. हार मीच घातला." आणि फोनमधला व्हिडिओ आवाज मोठा करून त्यांना लावून दिला.

मामांनी तो ऐकला. पुन्हा ऐकला. "पोरी," ते नाक ओढत म्हणाले, "पत्रिकेत नाव राहिलं तवा मी तीन वर्सं रुसलो. हिला तर तू जित्तेपणी हार घातलास, आन् ही चकली खाती!"

"रुसून काय करू? भाऊ आणलाय तिनं," सासूबाई म्हणाल्या. "उठ. पाटावर बस."

ओवाळताना त्यांचा हात इतका कापत होता, की कुंकू कपाळावर कमी आणि मामांच्या नाकावर जास्त लागलं. मामांनी ते पुसलं नाही. तसेच फराळाला बसले.