पडद्यावरची बाल्कनी

परिचारिका प्रशिक्षण केंद्राच्या मोठ्या वर्गात त्या सकाळी जखमेच्या ड्रेसिंगवर तास चालू होता. शिकवणाऱ्या मॅडम या कामात मुरलेल्या. लॅपटॉपवर स्लाइड शो पूर्ण पडद्यावर चालू केला की तास संपेपर्यंत त्या तो बंद करत नसत. बंद केला की खालच्या टिपा, बाजूच्या छोट्या स्लाइड, सगळा पसारा भिंतीवर दिसतो आणि मुलींचं लक्ष उडतं, असं त्यांचं म्हणणं.

आज मागच्या बाकावर विभागातले टक्कल पडलेले वरिष्ठ सर येऊन बसले होते. सगळे त्यांना ‘दादा’ म्हणायचे. वर्षातून एकदा प्रत्येकाचा तास पाहून शेरा द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. मांडीवर लॅपटॉप उघडून ते काहीतरी टिपत होते. मधेच मॅडमकडे बघून मान हलवायचे.

हे दादा मॅडमना गेले काही महिने जडच जात होते. आधी गाडीतून सोडू का, मग नवरा परगावी असतो तर रात्री भीती नाही का वाटत, मग नको तेव्हा फोन. मॅडमनी एकदा स्पष्ट सांगितलं होतं, “दादा, कामाचं बोलू या.” त्यानंतर ते गप्प होते.

“आता जखम धुण्याच्या पायऱ्या,” म्हणत मॅडमनी पुढची स्लाइड आणली.

डावीकडे नेहमीच्या पायऱ्या होत्या. उजवीकडे जखमेचा फोटो असायला हवा होता. तिथे त्यांच्या घराची बाल्कनी होती.

क्षणभर त्यांना काही कळलंच नाही. डोळ्यांना ओळख पटली आणि मन मागे राहिलं. दोरीवर वाळत घातलेली पिवळी चादर. कोपऱ्यातली तुटकी खुर्ची. आणि कठड्याला टेकून उभी असलेली त्यांची सात वर्षांची लेक. ओल्या केसांची, अंगात लाल स्वेटर. फोटोखाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘आज लाल स्वेटर.’

स्वेटर त्यांनी आजच सकाळी निघताना तिच्या अंगात चढवला होता. नवा होता. याआधी तिने तो कधी घातलाच नव्हता.

त्यांनी टेबलाची कड धरली.

“मॅडम, हे घर कशाला?” पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं.

“घरी… घरी ड्रेसिंग करताना काय काळजी घ्यायची, त्याच्यासाठी आहे. पुढे येईल.” आवाज आपलाच आहे का, हे त्यांना कळत नव्हतं.

सगळ्या मुली पडद्याकडे बघत होत्या. दादा मात्र पडद्याकडे बघत नव्हते. ते मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तेव्हा मॅडमना सगळं उमगलं. ही फाइल विभागाच्या सामाईक फोल्डरमध्ये होती. एकाने बदल केला की दुसऱ्याकडे चालू असलेल्या स्लाइड शोमध्येही तो थोड्या वेळाने आपोआप दिसायचा. गेल्याच महिन्यात सहकारी बाईंनी स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या चूक सुधारली होती आणि इथे वर्गात अक्षर बदललेलं बघून सगळ्या हसल्या होत्या. म्हणजे हा फोटो आत्ता, याच वर्गात बसून, कुणीतरी घातला होता. आणि ज्याने घातला तो कोणत्याही क्षणी काढूनही टाकू शकत होता. मग काय उरणार? साठ मुलींनी कुणाचं तरी एक घर पाहिलं, एवढंच.

पुरावा हवा होता. आत्ता, लगेच.

मोबाइल पर्समध्ये होता. तो काढून भिंतीवर रोखला असता तर मागे बसलेल्याला दिसलंच असतं. शो बंद करून फाइलमध्ये जायचं म्हटलं तर बदल करण्याच्या पट्ट्या आणि टिपा भिंतीवर येणार. शिवाय सामाईक फाइलमध्ये कोण कुठल्या स्लाइडवर आहे ते इतरांना दिसतं. मॅडम त्या फोटोवर गेल्या हे त्याला तिथेच कळलं असतं, आणि तोवर फोटोही गेला असता. नुसती प्रिंट स्क्रीनची कळ दाबली तर त्यांच्या लॅपटॉपवर सगळा पडदा धूसर होऊन वरती कापायच्या चौकटीची पट्टी उघडायची, आणि जे लॅपटॉपवर दिसे तेच भिंतीवर दिसे. परीक्षेच्या पुस्तिकेसाठी त्यांनी अशा कितीतरी स्लाइड टिपल्या होत्या, म्हणून हे सगळं त्यांना ठाऊक होतं.

एक मार्ग होता. विंडोजची कळ दाबून धरायची आणि मग प्रिंट स्क्रीन दाबायची. शो जागचा हलत नाही, कुठलीही पट्टी येत नाही, अख्खा पडदा चित्र होऊन थेट ‘स्क्रीनशॉट’च्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. फक्त एक खोट होती. त्या वेळी पडदा पापणी लवावी तसा अंधारतो. एवढ्या मोठ्या भिंतीवर ते दिसणारच.

मागे दादांची बोटं लॅपटॉपवर गेली.

मॅडमनी डाव्या हाताने विंडोजची कळ धरली, उजव्या हाताने प्रिंट स्क्रीन दाबली. भिंत अंधारली. ती पुन्हा उजळते न उजळते तोच त्यांनी ‘बी’ची कळ दाबली. त्याने शो चालूच राहतो, फक्त पडदा काळा होतो.

“मुलींनो, जरा पडद्याकडे बघणं बंद करा,” त्या म्हणाल्या. “पायऱ्या आठवून वहीत लिहा. एकमेकींचं बघायचं नाही. मी आलेच.”

वह्या उघडल्याचा आवाज झाला. पर्स उचलून त्या बाहेर पडल्या. दारातून निघताना पाठीवर नजर टोचत होती.

नणंद सध्या त्यांच्याकडेच राहत होती. फोन तिनेच उचलला.

“ताई, चिमणी कुठे आहे?”

“इथेच आहे की, समोर. चित्र काढतेय. का गं? आवाज असा का येतोय तुझा?”

“दार आतून लावा. बाल्कनीचं पण. पडदे ओढा. मी येईपर्यंत कुणालाही दार उघडू नका, ओळखीचं असलं तरी. आज तिला शाळेत पाठवू नका.”

“अगं पण झालं काय?”

“सांगते. आधी दार.”

पलीकडे कडी सरकल्याचा आवाज आला. मग ताई हळू आवाजात म्हणाली, “ऐक. सकाळी तू गेल्यावर समोरच्या इमारतीच्या जिन्यात एक माणूस उभा होता. मोबाइल वर धरून. मला वाटलं, रेंज मिळत नसेल बिचाऱ्याला.”

“दिसायला कसा?”

“टक्कल पडलेला. गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र. तुझं असतं तसंच.”

मॅडम भिंतीला टेकल्या. पळत सुटावं, घरी जावं, लेकीला कुशीत घ्यावं, असं वाटत होतं. पण लॅपटॉप वर्गात होता, आणि वर्गात तो होता. त्या आल्या पावली परत फिरल्या.

‘बी’ दाबलं. पडदा उजळला. पायऱ्यांच्या बाजूला जखमेचा फोटो होता. नेहमीचा, स्वच्छ, जणू कधी हललाच नव्हता.

“मॅडम, ते घर गेलं,” कुणीतरी म्हणालं.

“हो, चुकून आलं होतं,” त्या म्हणाल्या आणि उरलेला तास शिकवला. काय शिकवलं ते त्यांना आजही आठवत नाही.

तास संपला. मुली निघायला लागल्या तसे दादा सावकाश पुढे आले.

“छान घेतलात तास. मधेच काळोख केलात तो? काही बिघडलं का?”

“नाही. लिहायला दिलं होतं.”

“त्याआधी एकदा चमकल्यासारखं झालं. दाखवा बरं, मी बघतो.” त्यांनी हात कीबोर्डकडे नेला. शो अजून चालूच होता. एक कळ दाबली की शो बंद आणि लॅपटॉप त्यांच्या हातात.

मॅडमनी प्रोजेक्टरची वायर उपटली आणि झाकण खाली आपटलं. दादांचं बोट त्यात चेमटता चेमटता राहिलं.

“बॅटरी संपत आलीये,” त्या म्हणाल्या. दारात दोन मुली शंका विचारायला थांबल्या होत्या. “चला गं, चालता चालता बोलू. प्राचार्य बाईंकडेच जायचंय मला.”

दोघींच्या मधून त्या चालत राहिल्या. मागे बुटांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. मग थांबला.

प्राचार्य बाईंनी ऐकून घेतलं आणि दादांना बोलावलं. ते हसतच आले.

“बाई, त्यांची प्रकृती बरी नाही वाटतं. फाइल उघडून बघा ना, सगळ्यांसमोर. असं काही असेल तर मी नाव बदलीन.”

संगणक विभागातल्या बाईंनी सामाईक फाइल उघडली. फोटो जखमेचाच. जुन्या प्रतींची यादी पाहिली, तर मधल्या त्या थोड्या मिनिटांची वेगळी प्रत साठलीच नव्हती. त्या सुमारास बदल झाला होता एवढंच दिसत होतं, आणि नाव होतं विभागाच्या सामाईक खात्याचं. ते खातं सगळेच वापरायचे.

“बघा,” दादा म्हणाले. “हवेत बाण मारायचे आणि माणसाला आयुष्यातून उठवायचं.”

प्राचार्य बाईंनी मॅडमकडे पाहिलं. त्या नजरेत शंका होती, आणि ती बघून मॅडमना वर्गातल्यापेक्षाही जास्त भीती वाटली. चित्र साठलंच नसेल तर? घाईत कळ नीट दाबली गेली नसेल तर? फोल्डर उघडताना बोट दोनदा चुकलं.

ते होतं. पुस्तिकेच्या चित्रांच्या शेवटी, एकटंच. पूर्ण पडदा: डावीकडे जखम धुण्याच्या पायऱ्या, उजवीकडे चिमणी. कुठेही पट्टी नाही, चौकट नाही, कशात जोडकाम केल्याची खूण नाही. पडद्यावर घड्याळ नव्हतं, पण फाइल कधी तयार झाली ती वेळ शेजारीच होती. ती आणि सामाईक खात्यावरून झालेल्या बदलाची वेळ लागोपाठची होती.

प्राचार्य बाईंनी दोन्ही वेळा पुन्हा एकदा पडताळून पाहिल्या.

“तेव्हा तुम्ही वर्गात लॅपटॉप उघडून बसला होतात,” प्राचार्य बाई म्हणाल्या. “तो इथे टेबलावर ठेवा.”

“माझा खाजगी आहे तो.”

“मग पोलिसांसमोर ठेवा.”

दादांनी लॅपटॉप छातीशी धरला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक स्नायू सोडत उतरलं. ते मॅडमकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, “मुलगी गोड आहे तुमची.” प्राचार्य बाईंनी त्याच क्षणी फोन उचलला, आणि दादा दार उघडं टाकून निघून गेले.

पोलिसांनी त्यांना संध्याकाळी घरातून उचललं. जिन्यातला माणूस हाच, हे ताईने समोरासमोर ओळखलं. दादांच्या मोबाइलमध्ये त्या बाल्कनीचे इतके फोटो निघाले की तपासणाऱ्या बाईंनी सगळे मॅडमना दाखवले नाहीत. “बघून काही उपयोग नाही,” एवढंच म्हणाल्या.

दादांची नोकरी गेली, खटला उभा राहिला, आणि मग त्यांना जामीन मिळाला. मॅडमच्या घरापासून आणि केंद्रापासून लांब राहायचं, अशी अट घालून. अट कागदावर असते. मॅडमनी घर बदललं, नवरा बदली मागून परत आला. नव्या घराला बाल्कनी नाही. चिमणी सारखी विचारते, आपण कपडे आता खिडकीत का वाळत घालतो, आणि मॅडम तिला दर वेळी वेगळं उत्तर देतात.